सतरा उत्तरे आणि दोन नावे : खात्रीच्या माणसाची यादी कशी करावी

‘कुणाकडे चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का?’ हा प्रश्न गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी येतो. तासाभरात पाच-सात नंबर येतात, दोघेजण ‘मलाही हवा आहे’ म्हणतात, कुणी अंगठा दाखवतो आणि विचारणारा सगळ्यात वर दिसलेल्या नंबरावर फोन लावतो. महिन्याभराने तोच प्रश्न दुसरे कुणी विचारते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नंबर मिळवणे अवघड नसते. अवघड असते ते आलेल्या उत्तरांतले कोणते किती वजनाचे आहे हे ठरवणे आणि त्यातून दोन-तीन नावांची, कारणासह लिहिलेली यादी तयार करणे.

शेजाऱ्यांना विचारावे लागते, त्याचे कारण या सेवांच्या स्वरूपात आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. काहींचा दर्जा विकत घेण्यापूर्वीच पाहून कळतो, उदाहरणार्थ कापडाचा रंग. काहींचा वापरल्यावर कळतो, जशी आंब्याची गोडी. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला. त्यातल्या वस्तूंचा आणि सेवांचा दर्जा ग्राहकाला वापरल्यानंतरही नीट ठरवता येत नाही, त्याला विश्वासच ठेवावा लागतो. गाडीची दुरुस्ती आणि वैद्यकीय उपचार ही याची ठळक उदाहरणे. मेकॅनिकने बदललेला भाग खरोखरच खराब झाला होता का, हे गाडीच्या मालकाला कळत नाही.

प्लंबरचे काम दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या सीमेवर आहे. गळती थांबली की नाही हे काही आठवड्यांनी दिसते, पण फरशी फोडणे गरजेचे होते का, हे दिसत नाही. डॉक्टरांचे काम बरेचसे तिसऱ्या प्रकारातले. म्हणून शिफारस वाचताना पहिला प्रश्न ‘किती जणांनी नाव घेतले’ हा नसावा. ‘हे सांगणाऱ्याला ते कळण्याची संधी होती का’ हा असावा. पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे.

प्रश्न कसा विचारावा

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. समजा, पुण्यातल्या ८४ सदनिकांच्या एका संस्थेत तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचे पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या छताला उतरते आहे. अशी गळती साधारणपणे तीन ठिकाणांहून येते. भिंतीत किंवा फरशीखाली गाडलेली पुरवठ्याची लाइन फुटलेली असते, नहाणी ट्रॅपचा किंवा कमोडचा जोड सुटलेला असतो, नाहीतर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेलेले असते. पुरवठ्याच्या लाइनमध्ये पाणी सतत दाबाखाली असते. त्यामुळे ती फुटली असेल तर बाथरूम दिवसभर वापरले नाही तरी ओल वाढत राहते. जोडातून किंवा फरशीतून गळत असेल तर आंघोळ-धुण्यानंतर ओल वाढते आणि वापर थांबला की वाढायची थांबते.

ग्रुपवर विचारण्याआधी एक दिवस बाथरूम बंद ठेवून एवढे पाहून घेतले, तर प्रश्न नेमका होतो. ‘चांगला प्लंबर हवा’ या प्रश्नाला नळाचा वॉशर बदलून घेतलेला माणूसही प्रामाणिकपणे उत्तर देतो. वॉशर बदलणे आणि छुपी गळती शोधणे ही मात्र दोन वेगळी कामे आहेत. पहिले जमणाऱ्याला दुसरे जमेलच असे नाही.

ग्रुपवर टाकायचा संदेश असा असू शकतो :

‘बी विंग, तिसरा मजला. बाथरूमचे पाणी खालच्या घराच्या छताला उतरते आहे. बाथरूम बंद ठेवले तर ओल वाढत नाही, आंघोळीनंतर वाढते. गळती शोधून दुरुस्त करणारा प्लंबर हवा आहे. ज्यांनी स्वतःच्या घरी असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया चार गोष्टी कळवाव्यात : काम काय होते, केव्हा केले, अंदाजे खर्च किती आला, नंतर पुन्हा गळले का. अनुभव चांगला नसेल तर मला वेगळा मेसेज करावा. उद्या रात्री ९ नंतर सगळ्या उत्तरांची एक यादी करून इथे टाकतो.’

या संदेशातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. ‘स्वतःच्या घरी’ या शब्दांमुळे ऐकीव माहिती मागे राहते. चार प्रश्न ठरवून दिल्याने उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात. वेळेची मर्यादा घातली की लोक लवकर लिहितात आणि यादी मिळणार हे कळल्यावर ‘मलाही पाठवा’ असे संदेश कमी होतात. वाईट अनुभव वेगळा मागण्याचे कारण व्यावहारिक आहे. तोच प्लंबर शेजाऱ्याचा ओळखीचा असेल तर त्याच्याविरुद्ध उघड लिहायला कुणी धजावत नाही. त्यामुळे ग्रुपवर फक्त कौतुक दिसते आणि तक्रारी जिन्यात बोलल्या जातात.

उत्तरे गाळून घेणे

समजा, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत ग्रुपवर आणि खासगीत मिळून १७ उत्तरे आली. त्यांतल्या चार उत्तरांत कुणाचेच नाव नाही. दोघांना नंबर हवा आहे, एकाने हात जोडले आहेत आणि एकाने संस्थेच्या कार्यालयात विचारायला सांगितले आहे. ही चार बाजूला काढली की उरतात १३.

आता नावांची जुळणी. एकाच प्लंबरला कुणी आडनावाने ओळखतो, कुणी ‘मामा’ म्हणतो, तर कुणी तो ज्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभा असतो त्या दुकानाच्या नावाने. म्हणून नावे न जुळवता फोन नंबर जुळवावेत. नंबर शेजारी-शेजारी लिहिले की १३ उत्तरांत प्रत्यक्षात सहाच प्लंबर आहेत असे दिसते. त्यांना अ, ब, क, ड, ई, फ म्हणू.

‘अ’चे नाव पाच जणांनी घेतले. नुसती मते मोजली तर तो पहिला. पण पाचही उत्तरे वाचल्यावर चित्र बदलते. तिघांनी त्याच्याकडून नळ, फ्लश टँक आणि गिझरची जोडणी अशी कामे करून घेतली आहेत. चौथ्याने ‘सगळे त्यालाच बोलावतात’ एवढेच लिहिले आहे. पाचव्याने वरच्या उत्तराला ‘सहमत’ म्हटले आहे. गळतीचा अनुभव पाचांपैकी एकालाही नाही. ‘अ’ वाईट प्लंबर आहे असा याचा अर्थ होत नाही. या कामासाठी त्याच्याविषयी कुणाला काही माहीत नाही, एवढाच होतो.

‘सहमत’ अशा उत्तरांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. ग्रुपवर पहिले उत्तर ज्या नावाचे येते, त्या नावाभोवती पुढची उत्तरे गोळा होतात. दुसरे नाव सुचवू शकणारा माणूस ‘नाव तर आलेच आहे’ म्हणून गप्प बसतो. त्यामुळे पाच उत्तरे म्हणजे पाच स्वतंत्र साक्षी असतीलच असे नाही. ती कधी एक साक्ष आणि चार प्रतिध्वनी असतात.

‘ब’चे नाव दोघांनी घेतले आणि दोघांनीही गळतीचेच काम करून घेतले होते. त्यांतले एक घर त्याच बी विंगमध्ये, त्याच उभ्या लाइनवर, पाचव्या मजल्यावर आहे. ट्रॅपचा जोड सुटला होता, १४ महिन्यांपूर्वी दुरुस्त केला, खालच्या घराच्या छताला आजवर पुन्हा ओल नाही. दुसऱ्याने काम चांगले झाल्याचे सांगून एक तक्रारही लिहिली आहे : सकाळी येतो म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. अशी मिश्र शिफारस उलट अधिक भरवशाची. तक्रार लिहिणाऱ्याने अनुभव जसा आला तसा आठवून सांगितला आहे.

‘क’बद्दल दोन उत्तरे, दोन्ही उलट-सुलट. एकाने ग्रुपवर लिहिले की गेल्या महिन्यात गळती थांबवली, उत्तम काम. दुसऱ्याचा खासगी संदेश सांगतो की ‘क’ने सगळी फरशी उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करायला सांगितले होते, पण दुसऱ्या प्लंबरला दोष फक्त ट्रॅपच्या जोडात सापडला. इथे दोन्ही उत्तरांचे वय आणि जागा पाहावी लागते. भिजलेला स्लॅब वाळायला कित्येक आठवडे लागतात. शिवाय जोडावर वरून लावलेले सिमेंट किंवा फरशीच्या फटींत भरलेले व्हाइट सिमेंट काही काळ पाणी अडवून धरते. त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या कामाचे कौतुक खरे असले तरी निकाल अजून लागलेला नसतो. दुसरे उत्तर गंभीर आहे, पण एकाच बाजूचे आहे. ‘क’ला यादीतून काढून टाकू नये आणि वरही ठेवू नये. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लिहून ठेवावे.

‘ड’ची शिफारस नेमकी आहे, गळतीचीच आहे, पण काम सहा वर्षांपूर्वीचे आणि आता नंबर लागत नाही. ‘ई’बद्दलची दोन्ही उत्तरे एकाच सदनिकेतल्या पती-पत्नींची आहेत, म्हणून ती एकच धरायची. विचारल्यावर ‘ई’ त्यांचा नातेवाईक असल्याचे कळते. नातेवाईक चांगला कारागीर असू शकतो, पण सांगणाऱ्याला त्याचा व्यवसाय वाढायला हवा आहे, ही नोंद यादीत असायला हवी. ‘फ’साठी कुणीतरी नुसते संपर्क कार्ड पुढे ढकलले आहे, एक शब्दही सोबत नाही. त्याला विचारले की ते कार्ड त्याने दुसऱ्या ग्रुपवरून उचललेले निघते.

दोन फोन आणि एक यादी

यादी टाकण्यापूर्वी वरच्या दोन-तीन नावांना स्वतः फोन करणे आवश्यक असते. नंबर चालू आहे का, या भागात कामे घेतो का आणि नंबर ग्रुपवर दिलेला चालेल का, हे तेव्हाच कळते. गळतीच्या कामासाठी एक प्रश्न फार उपयोगी पडतो : ‘गळती कुठून आहे, हे आधी कसे तपासणार?’ अनुभवी प्लंबर सांगतो की पुरवठ्याची लाइन बंद करून तिच्यावर दाब देऊन पाहू आणि नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूमच्या फरशीवर पाणी साठवून दिवसभर खालच्या छताकडे लक्ष ठेवू. साठवलेले पाणी खाली उतरले तर फरशीचा दोष. उतरले नाही, पण ट्रॅप उघडून पाणी सोडताच ओल वाढली, तर निचऱ्याच्या जोडाचा दोष. ‘फरशी काढल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही’ असे उत्तर फोनवरच आले तर सावध व्हावे. या उदाहरणात ‘ब’ पहिल्या प्रकारचे उत्तर देतो, ‘क’ दुसऱ्या प्रकारचे. खासगी संदेशातल्या तक्रारीला अशा रीतीने दुसरा आधार मिळतो.

सतरा उत्तरांतून निघालेली यादी ग्रुपवर अशी जाते :

‘बाथरूमच्या गळतीसाठी प्लंबर. १७ उत्तरांवरून, आजच्या तारखेची यादी.
१) ब : या इमारतीत गळतीची दोन कामे. एकाला १४ महिने झाले, पुन्हा ओल नाही. वेळ पाळत नाही अशी एक तक्रार. आधी तपासणी करून मग खर्च सांगतो.
२) क : गेल्या महिन्यात एक काम झाले, निकाल कळायला वेळ आहे. दुसरे मत घेतल्याशिवाय फरशी काढायला होकार देऊ नये.
किरकोळ कामांसाठी (नळ, फ्लश, गिझर) : अ, तिघांचा चांगला अनुभव. गळतीचा अनुभव कुणाकडून कळलेला नाही.
ड यांचा नंबर बंद आहे. ई आणि फ यांच्याबद्दल स्वतंत्र अनुभव मिळाला नाही.’

या यादीत दोन गोष्टी मुद्दाम ठेवलेल्या आहेत. प्रत्येक नावापुढे कारण आहे. त्यामुळे ज्याला वेळेवर येणारा माणूस हवा, तो आपला क्रम बदलू शकतो. आणि गाळलेल्या नावांचाही उल्लेख आहे. तो नसेल तर पुढच्या आठवड्यात तीच नावे पुन्हा सुचवली जातात आणि आपले उत्तर का वगळले, असे त्या शेजाऱ्यांनाही वाटत राहते.

‘क’विषयीच्या ओळीत ‘फसवतो’ असा शब्द नाही, काय करावे एवढेच आहे. वाईट अनुभव लिहिताना घडलेली गोष्ट लिहावी, माणसावर शिक्का मारू नये. त्यात न्याय आहे आणि कायदेशीर शहाणपणही आहे, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा आहे आणि ग्रुपवरचा संदेशही अनेकांपर्यंत पोचलेलाच असतो. खासगीत तक्रार कळवणाऱ्याचे नाव तर यादीत कधीच येऊ नये.

डॉक्टरांची यादी वेगळी का

हीच पद्धत डॉक्टरांसाठी जशीच्या तशी चालत नाही. प्लंबरच्या कामात शेजारी निकाल पाहू शकतो, छत कोरडे आहे की ओले. डॉक्टरांच्या बाबतीत ‘त्यांच्या औषधाने तीन दिवसांत बरे वाटले’ ही सर्वांत सामान्य शिफारस असते आणि तिच्यातून फारसे काही कळत नाही. सर्दी आणि बहुतेक विषाणूजन्य ताप काही दिवसांत आपोआप उतरतात. ज्याच्याकडे शेवटी गेलो, त्याला श्रेय मिळते. उलट, योग्य निदान करूनही आजार बरा व्हायला वेळ लागला तर डॉक्टरांना दोष मिळतो.

म्हणून शेजाऱ्यांना तेच विचारावे, जे त्यांना खरोखर कळू शकते. डॉक्टर बोलणे पूर्ण ऐकून घेतात का, तपासण्या का सांगितल्या ते समजावतात का, भेटीची वेळ घेतली तरी किती थांबावे लागते, शुल्क किती आहे, पुन्हा शंका आली तर कुणाशी बोलता येते, वयस्कर माणसाला दवाखान्याचे जिने चढावे लागतात का, हे सगळे शेजारी खात्रीने सांगू शकतात. निदान अचूक आहे का, शस्त्रक्रिया गरजेची आहे का, हे ते सांगू शकत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे लागते.

पात्रतेची खात्री मात्र ग्रुपवर मते घेऊन करायची नसते, ती नोंदवहीत पाहायची असते. महाराष्ट्रात अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि औषधाच्या चिठ्ठीवर छापायचा असतो. शेजाऱ्याकडे जुनी चिठ्ठी असेल तर त्याच्याकडून फक्त पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर मागू नये, कारण तिच्यावर शेजाऱ्याचा आजारही लिहिलेला असतो.

हाच संयम प्रश्न विचारतानाही लागतो. ‘सासूबाईंना रात्री लघवीचा त्रास होतो, डॉक्टर सुचवा’ असे ८४ घरांसमोर लिहिले की ती गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय सगळ्यांची होते. ‘जवळपासचे मूत्रविकारतज्ज्ञ हवेत, लिफ्ट असलेला दवाखाना, संध्याकाळची वेळ’ एवढे पुरेसे आहे. रुग्ण कोण आणि तक्रार कोणती, हे डॉक्टरांना सांगायचे असते.

डॉक्टरांच्या यादीत पहिला, दुसरा असा क्रम लावू नये. क्रम लावणे म्हणजे वैद्यकीय कौशल्याची तुलना केल्याचा दावा होतो आणि ती तुलना करण्याइतकी माहिती कोणत्याही शेजाऱ्याकडे नसते. गरजेनुसार गट करावेत : ज्यांच्याकडे लिफ्ट आणि संध्याकाळची वेळ आहे, ज्यांचे शुल्क कमी आहे, जे मोठ्या रुग्णालयाशी संलग्न आहेत. वाचणाऱ्याने आपल्या गरजेचा गट निवडावा. छातीत दुखणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे अशा वेळी ग्रुपवर काहीही विचारू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे.

यादी जिवंत ठेवणे

व्हॉट्सअ‍ॅपवर पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस वर राहतो आणि नंतर उतरतो. ग्रुपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर यादीच नाहीशी होते. म्हणून अंतिम यादी ग्रुपच्या वर्णनात, संस्थेच्या सूचनाफलकावर किंवा सर्वांना उघडता येईल अशा एका कागदपत्रात ठेवावी आणि तिच्या माथ्यावर तारीख लिहावी. वर्षभर कुणी दुजोरा न दिलेले नाव खाली सरकवावे. कारागीर गाव बदलतात, डॉक्टर दवाखान्याच्या वेळा बदलतात.

सर्वांत मोलाची नोंद मात्र यादी तयार झाल्यानंतर येते. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने काम करून घेतल्यावर दोन वेळा लिहायचे असते : एकदा काम झाले त्या दिवशी, खर्चासह, आणि एकदा दोन महिन्यांनी, खालच्या घराचे छत पाहून. पहिली नोंद प्लंबर आला की नाही ते सांगते. गळती खरोखर थांबली की नाही, हे दुसऱ्या नोंदीशिवाय कुणालाच कळत नाही. ८४ घरांपैकी पुढच्या घराला उपयोगी पडणारी शिफारस तीच.